वास्तव व्याजदर, बचत खात्यावरील

बँकेने जाहीर केलेल्या व्याजदरातून महागाईचा दर वजा केल्यावर ठेवीदाराची क्रयशक्ती खरोखर किती वाढली किंवा घटली हे कळते. त्या आकड्याला वास्तव व्याजदर म्हणतात. पासबुकात छापलेला दर हा नाममात्र दर होय. भारतात बचत खात्यावरील वास्तव दर गेल्या दोन दशकांत बहुतेक काळ ऋण राहिला आहे. म्हणजे खात्यातील रक्कम वाढत गेली, पण तिच्यात येणारा किराणा कमी होत गेला.

नाममात्र आणि वास्तव दरांतील या भेदाचे श्रेय सामान्यतः अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांना दिले जाते. त्यांनी 1896 मध्ये व पुढे 1930 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. मात्र मूळ कल्पना त्यांच्या आधीची आहे. अठराव्या शतकात बॉस्टनमधील वैद्य विल्यम डग्लस यांनी मॅसॅच्युसेट्सच्या घसरत्या कागदी चलनाविषयी लिहिताना, सावकार व्याजात चलनाच्या घसरणीची भरपाई धरतात असे नोंदवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री थॉर्नटन यांनीही हा मुद्दा मांडला. फिशर यांना कल्पनेचे जनक म्हणण्यापेक्षा तिला गणिती शिस्त लावणारे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्यांच्या रीतीत वजाबाकी नसून भागाकार आहे. दर 2.7 टक्के आणि महागाई 6.7 टक्के असेल, तर 102.7 ला 106.7 ने भागायचे. उत्तर सुमारे 0.9625 येते, म्हणजे वास्तव दर उणे 3.75 टक्के. साध्या वजाबाकीने तो उणे 4 येतो. एका वर्षासाठी हा फरक किरकोळ असला, तरी बऱ्याच वर्षांचा हिशोब करताना भागाकारच करावा.

भारतात बचत खात्याचा दर दीर्घकाळ रिझर्व्ह बँक ठरवत असे. 1977 मध्ये चेकची सोय असलेल्या व नसलेल्या खात्यांना काही काळ वेगवेगळे दर लागू झाले होते आणि चेकच्या खात्यावरचा दर कमी होता. ही विभागणी लवकरच रद्द झाली, पण तिच्यामागचा विचार टिकला. बचत खाते अर्धे बचतीचे आणि अर्धे रोजच्या देवघेवीचे असते. पैसे हवे तेव्हा काढता येतात, म्हणून व्याज कमी. 1 मार्च 2003 पासून दर 3.5 टक्के झाला आणि मे 2011 पर्यंत तसाच राहिला. याच काळात, 2009-10 मध्ये, औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई 12 टक्क्यांच्या आसपास होती.

हे 3.5 टक्केही पूर्ण हाती पडत नसत. 31 मार्च 2010 पर्यंत व्याजाची आकारणी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर होत असे. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात 1 तारखेपासून खात्यात 50,000 रुपये आहेत आणि 28 तारखेला मुलाच्या फीसाठी 45,000 काढले. सत्तावीस दिवस पन्नास हजार बँकेकडे राहूनही त्या महिन्याचे व्याज केवळ 5,000 रुपयांवर, म्हणजे सुमारे 15 रुपये मिळे. 1 एप्रिल 2010 पासून बँकांना रोजच्या शिलकीवर व्याज मोजणे बंधनकारक झाले. त्या रीतीने याच महिन्याचे व्याज सुमारे 131 रुपये होते. दर तोच, खाते तेच आणि फरक जवळजवळ नऊ पटींचा. त्यामुळे 2010 पूर्वीच्या काळाचा वास्तव दर काढताना घोषित दर जसाच्या तसा घेतला, तर ठेवीदाराचे नुकसान कमी दिसते. टपाल खात्याच्या बचत बँकेने 10 तारीख ते महिनाअखेर ही जुनी रीत पुढेही चालू ठेवली. तिथे दर 4 टक्के असला, तरी ही अट ध्यानात ठेवून पैसे भरावेत आणि काढावेत.

25 ऑक्टोबर 2011 रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा दर नियंत्रणमुक्त केला. एक लाखापर्यंतच्या शिलकीवर प्रत्येक बँकेने सर्वांना एकच दर द्यावा, त्यावरील रकमेसाठी वेगळे दर ठेवता येतील, अशी अट घातली. स्पर्धेने दर वाढतील अशी अपेक्षा होती. काही नव्या खाजगी बँकांनी आणि पुढे लघुवित्त बँकांनी 6 ते 7 टक्क्यांपर्यंत दर दिलेही. पण मोठ्या बँका 4 टक्क्यांवरच थांबल्या आणि भारतीय स्टेट बँकेने 31 जुलै 2017 रोजी एक कोटीपर्यंतच्या शिलकीवर तो 3.5 टक्के केला. नियंत्रण गेल्यावर सामान्य खातेदाराचा दर वर न जाता खाली आला.

याचे कारण सहसा ठेवीदाराच्या उदासीनतेत शोधले जाते. पगार, वीजबिल, कर्जाचा हप्ता आणि गॅसचे अनुदान हे सगळे एकाच खात्याला जोडलेले असते, त्यामुळे एक-दोन टक्क्यांसाठी कोणी बँक बदलत नाही. हे खरे आहे. बँकांच्या भाषेत चालू व बचत खात्यांतील अशा स्वस्त पैशाला ‘कासा’ म्हणतात आणि तो टिकवण्यासाठी शाखा, एटीएम, पासबुक यांवर त्यांचा खर्चही होतो. पण मोठ्या बँकांच्या बाबतीत दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. मुदत ठेवीचा दर वाढवला, तर तो फक्त नव्या ठेवींना लागू होतो. बचत खात्याचा दर वाढवला, की त्याच दिवशी सगळ्या जुन्या शिलकीला लागू होतो. समजा, एका बँकेकडे 1,000 कोटी रुपयांच्या बचत ठेवी आहेत. दर 2.7 वरून 3.7 टक्के केल्याने 50 कोटींच्या नव्या ठेवी येतील असा तिचा अंदाज आहे. नव्या ठेवींवर वर्षाला 1.85 कोटी व्याज जाईल, पण जुन्या ठेवींवर 10 कोटी जास्तीचे द्यावे लागतील. म्हणजे ते 50 कोटी तिला 11.85 कोटींना, सुमारे 24 टक्के दराने पडतील. हेच 50 कोटी मुदत ठेवींतून 7 टक्क्यांना मिळत असतील, तर बँक बचत खात्याला हात लावणार नाही. बँक जितकी मोठी आणि तिचे खातेदार जितके जुने, तितका हा अडसर मोठा. नव्या बँकेकडे जुनी शिलक थोडी असते, म्हणून तिला चढा दर परवडतो.

कर्जाच्या बाजूला असे होत नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून घरकर्जासारखी बदलत्या दराची नवी वैयक्तिक कर्जे रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्या दराला, किंवा तत्सम बाह्य मानदंडाला जोडणे बँकांना बंधनकारक आहे. बचत खात्याला अशी सक्ती नाही. स्टेट बँकेने मे 2019 पासून एक लाखावरील शिलकीचा दर रेपोला जोडून पाहिला, पण तो प्रयोग वर्षभरही टिकला नाही. परिणाम पुढच्या पाच वर्षांत दिसला. या बँकेचा दर 31 मे 2020 पासून 2.70 टक्के होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, घरकर्जाचे हप्ते वाढले, मुदत ठेवींचे दरही वाढले. बचत खात्याचा दर मात्र 2.70 वरच राहिला. रेपो उतरू लागल्यावर जून 2025 मध्ये तो लगेच 2.50 झाला. चढताना हलला नाही, उतरताना मात्र हलला, हे खातेदाराने विसरू नये.

या काळात बचत खात्यात पडून राहिलेल्या रकमेचा हिशोब असा मांडता येतो. ऑक्टोबर 2020 च्या सुमारास एक लाख रुपये ठेवले आणि चार वर्षे हात लावला नाही. 2.70 टक्के दराने, दर तिमाहीला व्याज जमा होऊन, त्याचे सुमारे 1,11,360 रुपये झाले. ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित सरासरी महागाई 2021-22 मध्ये 5.5, 2022-23 मध्ये 6.7, 2023-24 मध्ये 5.4 आणि 2024-25 मध्ये 4.6 टक्के होती. 2020-21 मध्ये एक लाखाला मिळणाऱ्या वस्तूंना 2024-25 मध्ये सुमारे 1,24,100 रुपये लागले. व्याजासकट जमा झालेल्या रकमेत त्या वस्तूंपैकी नव्वद टक्क्यांहून किंचित कमीच येतात. पासबुकात अकरा हजारांची वाढ आणि बाजारात दहा हजारांहून जास्त घट, असे हे एकाच रकमेचे दोन हिशोब आहेत.

अर्थात निर्देशांक ही सरासरी असते. 2012 पायावर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचा भार सुमारे 46 टक्के होता. ज्या घराचा मोठा खर्च औषधे, घरभाडे किंवा शिक्षणावर होतो, त्याची महागाई वेगळी असते. शिवाय वास्तव दर नेहमीच ऋण असतो असेही नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये भाज्या व अन्नधान्याच्या घसरलेल्या भावांमुळे महागाई 0.25 टक्क्यांवर आली आणि 2.5 टक्क्यांचे बचत खातेही तेवढ्यापुरते पुढे गेले. पण असे महिने अपवादाचे. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्यच 4 टक्के आहे. ते तंतोतंत साधले गेले, तरी 2.5 टक्क्यांचे खाते दरवर्षी दीड टक्का मागे राहणार.

व्याजावर आयकरही लागतो. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80टीटीएखाली बचत खात्याच्या 10,000 रुपयांपर्यंतच्या व्याजाला आणि ज्येष्ठांना 80टीटीबीखाली ठेवींच्या 50,000 रुपयांपर्यंतच्या व्याजाला वजावट मिळे, पण ती जुन्या करप्रणालीतच.

घट कमी करण्याचा रूढ उपाय म्हणजे ऑटो स्वीप. ठरावीक मर्यादेवरची शिलक आपोआप मुदत ठेवीत जाते आणि चेक वटवताना गरजेपुरती मोडली जाते. बँक ही सोय सहसा आपणहून लावत नाही, खातेदाराला अर्ज द्यावा लागतो. ठेव मोडल्यास तेवढ्या भागावर कमी दराने व्याज मिळते. जास्त दरासाठी बँक बदलताना ठेव विम्याची मर्यादा पाहावी. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाख रुपये आहे आणि नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही.

दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. त्यावरील व्याज मात्र चालू राहते. दहा वर्षांनंतर ती रक्कम 2014 मध्ये स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. हक्क संपत नाही. खातेदार किंवा वारस बँकेकडे कधीही दावा करू शकतो. मे 2021 पासून निधीतील अशा रकमेवर 3 टक्के सरळव्याज ठरले आहे. आईवडिलांच्या विसरलेल्या खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर खातेदाराचे नाव आणि पॅनसारखा एखादा तपशील देऊन घेता येतो. दावा मात्र संबंधित बँकेच्या शाखेतच दाखल करावा लागतो.