रिस्पॉन्स टाइम वेगळा, मशीन सुरू होण्याची वेळ वेगळी

एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या कागदावर "२४ तासांत रिस्पॉन्स" असं वाचलं की मशीन एका दिवसात चालू होईल, असं आपण धरून चालतो. तसं त्यात लिहिलेलं नसतं. रिस्पॉन्स म्हणजे तक्रारीला मिळालेली पहिली दाद. मशीन दुरुस्त करून चालू करून देणं हे वेगळं कलम. बऱ्याच करारांत त्याला वेळच दिलेली नसते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचा स्क्रू कंप्रेसर घेऊ. समजा, शनिवारी संध्याकाळी सात वाजता तो हाय टेंपरेचर दाखवून ट्रिप झाला. करारात शब्द आहेत "२४ वर्किंग अवर्स", आणि व्याख्येच्या कलमात कामाची वेळ साडेनऊ ते सहा, रविवारी सुट्टी. म्हणजे घड्याळ सुरू होणार सोमवारी साडेनऊला. रोजचे साडेआठ तास धरले तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत १७ तास होतात, उरलेले सात बुधवारी दुपारी साडेचारला भरतात. कोल्हापूर किंवा हुबळीहून इंजिनिअर तोवर आला, तरी त्यानं करार पाळला. काही करारांत तर फोनवरचं बोलणंही रिस्पॉन्समध्ये धरतात, म्हणून "प्रत्यक्ष साइटवर हजर" हे शब्द आहेत का, तेवढं आवर्जून शोधा.

आता बुधवारी इंजिनिअर सांगतो, थर्मल व्हॉल्व्ह अडकतोय, बदलावा लागेल. स्पेअरच्या यादीत तो आहे, म्हणजे पैसे लागणार नाहीत. पण यादीखाली बारीक अक्षरात "उपलब्धतेनुसार" लिहिलेलं असतं, आणि खरी गोम तिथंच आहे. पार्ट फुकट मिळणं आणि वेळेत मिळणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. तो पुण्याच्या गोदामात नसेल, तर आठवडाभर शॉपला कंप्रेसरची हवा नाही, आणि तरीही कंपनीकडून कुठलंही कलम मोडलेलं नाही. सहीच्या आधी अडून बसावं ते इथं.

म्हणून करार वाचताना प्रत्येक मशीनसाठी तीन वेळा वेगवेगळ्या लिहून काढा: तक्रार नोंदल्याची, माणूस पोहोचण्याची आणि मशीन चालू होण्याची. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर सहीआधीच मागणी करा: नोंदीपासून ७२ तासांत मशीन चालू, नाहीतर पर्यायी कंप्रेसर, किंवा बंद राहिलेले दिवस कराराच्या मुदतीत वाढवून द्यायचे. तास घड्याळाचे की कामाचे, तेही त्याच ओळीत लिहून घ्या.

भेटींचं कलमही याच वेळी पाहा. वर्षाला चार भेटी लिहिल्या असतील, तर ब्रेकडाउनला आलेला माणूस त्यातलीच एक भेट धरणार का, हे विचारा. फिल्टर आणि ऑइल बहुधा वगळलेलं असतं, तो खर्च वेगळा धरा.

तक्रार फोनवर सांगितली तरी लगेच ईमेलही करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो नसेल तर घड्याळ कधी सुरू झालं, हे तुम्हाला दाखवता येत नाही.