वेळ तोडणे आणि अभ्यास तोडणे

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण, असलेल्या मुलाच्या दहावीच्या तयारीविषयी बोलताना वेळापत्रक आणि अभ्यासाची बैठक या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. वेळापत्रक सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणत्या दिवशी कोणता विषय, एवढेच त्याने सांगावे, आणि बुडालेला अभ्यास सामावून घेण्यासाठी आठवड्यातला एक दिवस रिकामा ठेवावा. रंगीत पेनांनी मिनिटामिनिटांचे चौकोन आखण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण मंगळवारचा एक चौकोन चुकला की असे मूल उरलेला सगळा तक्ता सोडून देते.

खरी अडचण बैठकीची आहे. पंचवीस मिनिटांचा गजर लावला म्हणजे अभ्यासाचे छोटे तुकडे झाले, असे पालक समजतात. पण त्याने फक्त वेळ तुटते, काम जसेच्या तसे अवाढव्य राहते. ‘सहा ते सहा पंचवीस, विज्ञान’ या ओळीत सुरुवात कुठून करायची आणि संपले हे कशावरून ओळखायचे, हे दोन्ही निर्णय मुलावरच पडतात, आणि काम सुरू करणे हीच तर त्याची सर्वांत अवघड पायरी असते. गजर वाजल्यावर त्याला ‘काय पूर्ण झाले?’ याचे उत्तर देता आले नाही आणि पुढच्या बैठकीत तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचले गेले, तर केवळ वेळ तोडली गेली आहे, हे नक्की समजावे.

विज्ञान भाग १ मधील ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हे प्रकरण घ्या. पहिल्या तुकड्यात तीन उदाहरणे सोडवायची नाहीत. त्यांतील दिलेल्या किमती फक्त योग्य चिन्हांसह लिहायच्या, कारण गुण बहुधा तिथेच जातात. वस्तू बहिर्वक्र भिंगापासून ३० सेमी अंतरावर असेल तर u = −३० सेमी, आणि नाभीय अंतर १० सेमी असेल तर f = +१० सेमी. दुसऱ्या तुकड्यात त्यांतले एकच उदाहरण 1/v − 1/u = 1/f या सूत्राने सोडवायचे; प्रतिमेचे अंतर v = +१५ सेमी आले की तुकडा संपला, मग सात मिनिटे लागोत की पंधरा. गजर हवा, पण तो रेंगाळणे थांबवण्यापुरता. उठण्यापूर्वी वहीत पुढची पहिली कृती लिहून ठेवावी: ‘दुसरे उदाहरण, विशालन काढणे’. मधल्या विश्रांतीत पाणी प्यावे, गच्चीवर जाऊन यावे. मोबाइल मात्र नको, कारण तो हातातून सुटत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. विज्ञानाच्या प्रत्येक भागाची ४० गुणांची लेखी परीक्षा सलग दोन तास चालते. म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत दोन, मग तीन तुकडे मध्ये न उठता जोडावेत आणि सराव प्रश्नपत्रिका सोडवताना प्रत्येक मुख्य प्रश्नानंतर पेन खाली ठेवून घड्याळ पाहण्याची सवय लावावी. म्हणजे परीक्षेतही दोन तासांचा पेपर त्याला एकेका प्रश्नाच्या तुकड्यांत हाताळता येतो.