संचातले पत्ते चुकीचे छापलेले नाहीत

"अहो, तुमच्या डब्यात एकाही पत्त्याची जोडी नाही." असा फोन आम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. कुणी छपाईत घोळ झालाय म्हणतं, कुणी अर्धे पत्ते दुसऱ्याच डब्यात गेले असतील म्हणतं. काही जण फोनही करत नाहीत, थेट डबा परत पाठवतात. म्हणून आता प्रत्येक डब्यात हे माहितीपत्रक ठेवतो आहोत. पहिला डाव मांडण्याआधी एकदा वाचून घ्या.

लहान मुलांनी संख्यांच्या जोड्या जुळवायच्या या संचात ४० पत्ते आहेत. १ ते १० या प्रत्येक संख्येचे चार पत्ते, आणि ते चारही मुद्दाम वेगवेगळे दिसतात. एकावर नुसता अंक आहे. दुसऱ्यावर ठिपके आहेत, फाशावर असतात तसे नीट मांडलेले. तिसऱ्यावर बटणं, पेरू, बांगड्या अशा लहानमोठ्या वस्तू इकडेतिकडे विखुरल्या आहेत. चौथ्यावर पाच-पाच खणांच्या दोन ओळी असून तेवढे खण रंगवलेले आहेत. अंकातला ५ आणि पाच पेरू, ही आमची जोडी. दोन हुबेहूब पत्ते संचात शोधूनही सापडणार नाहीत.

बाजारात मिळणाऱ्या जोड्या जुळवण्याच्या खेळात हत्तीला हत्ती जुळतो. तो खेळ वाईट नाही, जागा लक्षात ठेवायची सवय त्यानेही होते. पण तिथे मूल चित्र ओळखतं. ५ च्या शेजारी ५ ठेवतानाही ते आकारच ओळखत असतं, पाच म्हणजे किती हे त्याला ठाऊक असायची गरज नसते. आमच्या पत्त्यांत पेरू मोजल्याशिवाय, निदान नीट पाहिल्याशिवाय, जोडी लागत नाही. त्यासाठीच तर हा खटाटोप.

फाशासारखे ठिपके असताना विखुरलेल्या वस्तू कशाला, असंही विचारतात. पाच ठिपक्यांची ती ओळखीची फुली मुलं फार पटकन पाठ करतात. मग "पाच ठिपके काढ" म्हटलं की फुली काढतात, मग ठिपके पाच असोत की नऊ. शिवाय सगळ्या वस्तू सारख्याच आकाराच्या काढल्या तर ज्या पत्त्यावर रंग जास्त तो मोठा, एवढं मुलाच्या चटकन लक्षात येतं. म्हणून आमच्याकडे तीन भलेमोठे पेरू आहेत आणि सहा बारकी बटणं. पेरू जास्त जागा अडवतात, तरी तीनच.

आता ज्या चुकीपायी तुमचे आणि आमचे दिवस वाया जातात, ती सांगतो. जोडी लागत नाही असं दिसलं की घरातलं मोठं माणूस मदतीला येतं आणि पेन घेऊन प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक अंक लिहून ठेवतं. गेल्या वर्षी असा एक पूर्ण संच परत आला. फार सुरेख अक्षरात, चाळीसच्या चाळीस पत्त्यांच्या डाव्या कोपऱ्यात अंक. सोबत चिठ्ठी होती: "आता मुलगी भराभर जुळवते, पण मोजायला सांगितलं की तिला येत नाही." येणार कसं? तिची नजर थेट कोपऱ्यावर जात होती. बांगड्या सहा आहेत की आठ हे पाहायचं कारणच उरलं नव्हतं. कोपऱ्यातल्या त्या अंकांनी आमचा खेळ पुन्हा हत्तीला हत्तीवर आणून ठेवला होता. असा संच आम्हाला परत घेता येत नाही आणि तुम्हालाही तो खेळता येत नाही. कृपा करून पत्त्यांवर काहीही लिहू नका.

मूल अडतं ते बहुतेक वेळा पत्ते फार मांडल्यामुळे. डबा उघडला की चाळीसही पत्ते पालथे घालायचे, हा पहिल्या दिवशीचा उत्साह आम्ही समजू शकतो. पण पालथ्या डावात मुलाला एकाच वेळी तीन कामं असतात: पत्त्यावर किती आहेत ते ठरवायचं, ती संख्या मनात धरायची, आणि तसा पत्ता कुठे पाहिला होता ते आठवायचं. चार वर्षांच्या मुलाचं यातलं पहिलं कामच अजून पक्कं नसतं.

ते पक्कं आहे की नाही हे पाहायला पत्ते लागतच नाहीत, मूठभर चिंचोके पुरतात. एका बाईंचा फोन आला होता. मुलगा साडेचार वर्षांचा, शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण जोड्या लावत नाही, तेव्हा संचातच काहीतरी दोष असणार असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ताई, फोन चालू ठेवा आणि त्याच्यापुढे पंधरा-वीस चिंचोके ओता. "दोन दे" म्हटल्यावर त्याने दोन दिले. "तीन दे" म्हटल्यावर तीन. "चार दे" म्हटल्यावर पठ्ठ्याने मूठ भरून पुढे केली. सहा-सात तरी असतील, त्या म्हणाल्या. पाच मागितले तेव्हाही मूठच.

यात त्या मुलाचं काही चुकत नव्हतं. आकडे म्हणणं हे गाण्यासारखं पाठ होतं, पण आकड्याचा अर्थ एक-एक करून उमगतो. आधी एक, मग दोन, मग तीन. करेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये अशाच "इतके दे" पद्धतीने लहान मुलांचा अभ्यास मांडला, आणि तोंडाने मोजता येणारी मुलंसुद्धा मागितलेली संख्या देताना मूठ पुढे करतात हे दाखवलं. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला कित्येक मुलांना महिने लागतात. तीन-चारपर्यंतचा पुंजका आपण न मोजता नजरेने ओळखतो, मोठी माणसंही. त्यापुढे मोजावं लागतं, किंवा मनात गट पाडावे लागतात.

म्हणून त्या बाईंना सांगितलं की १, २, ३ आणि ४ या संख्यांचे फक्त अंकाचे आणि वस्तूंचे पत्ते काढा. आठ पत्ते झाले. बाकीचा डबा कपाटावर ठेवून द्या. पहिले काही दिवस आठही पत्ते चित्र वर करून ठेवा, म्हणजे आठवण्याचं काम राहत नाही. मुलाने वस्तूंच्या पत्त्यावर बोट ठेवून मोजायचं आणि शेवटचा आकडा पुन्हा म्हणायचा: "एक, दोन, तीन, चार. चार!" ही पुनरुक्ती फुकटची वाटते, पण शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या मिळून किती, हे त्यातूनच त्याच्या ध्यानात येतं. चुकला तर "चूक" म्हणू नका. दोन्ही पत्ते त्याच्यापुढे सरकवा आणि "इथे किती? आणि इथे?" एवढंच विचारा.

हे सहज जमू लागलं की पत्ते पालथे करा. चार-चारच्या दोन सरळ ओळी, ढीग नको. एक पत्ता उलटला की दुसऱ्याला हात लावण्याआधी थांबायचं आणि विचारायचं: "काय शोधायचंय आपल्याला?" त्याने "चार" म्हटलं की मगच दुसरा पत्ता. आमच्या मते सगळ्या डावात हे थांबणं सर्वांत मोलाचं, आणि घाईत नेमकं तेच गळतं. हे विचारलं नाही तर मूल दोन पत्ते भसाभस उलटतं आणि तुमच्या तोंडाकडे बघतं. जोडी लागली नाही तर पत्ते होते त्याच जागी पालथे करायचे. ओळी नीट करायच्या नादात ते सरकवू नका, कारण मुलाने जागा लक्षात ठेवलेली असते. जोड्या हळूहळू वाढवा, पण एका बैठकीला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

त्या मुलाला चार पक्के व्हायला सव्वा महिना लागला. पाच मात्र आठवड्यात आले, आणि मग सहा-सात त्यामागोमाग. हे असंच होतं. चारच्या आसपास मुलाला मोजण्याची युक्तीच कळते, मग पुढचा प्रत्येक आकडा नव्याने शिकावा लागत नाही.

"घरातले खेळायचे पत्ते चालणार नाहीत का?" हेही विचारतात. चालतील की. फक्त कोपरे कापावे लागतील. बदामाच्या सत्तीवर मध्ये सात बदाम असतात, पण दोन कोपऱ्यांत आकड्याखाली आणखी दोन बारके. मूल इमानेइतबारे नऊ मोजतं आणि आपण त्याला चुकलास म्हणतो. कोपरे कापून, अंकांचे पत्ते हाताने तयार करून ज्यांनी खेळ बसवला अशी घरं आम्हाला माहीत आहेत. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी आम्ही आहोत.

खणांचे पत्ते सुरुवातीला बाजूला ठेवा, ते मुलाला साताच्या पुढे मोजता येऊ लागल्यावर काढायचे. सातच्या पत्त्यावर वरची ओळ भरलेली आणि खाली दोन, म्हणजे पाच आणि दोन. रिकामे तीन खणही समोरच दिसतात, त्यामुळे "दहा व्हायला किती हवेत?" याचं उत्तर पत्त्यावरच असतं. पहिलीतल्या मुलांबरोबर आम्ही हे आणि बाकीचे पत्ते मिळून दहाची जोडी खेळतो: सातला तीन, सहाला चार, पाचाला पाचच. तेव्हा १० चे चारही पत्ते आधी काढून ठेवा. नाहीतर "दहाला जोडीदार नाही" म्हणून पुन्हा फोन येतो.

संच दोन प्रकारचे आहेत, देवनागरी अंकांचे आणि इंग्रजी अंकांचे. दोन्ही घेतले तरी एकत्र मिसळू नका. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. शाळेत जे अंक चालू आहेत तेच आधी घ्या. दुसरे वर्षभराने घेतले तरी बिघडत नाही.

आणि हो, पत्त्यांना चकाकी का नाही? चकचकीत पत्ता दिव्याखाली परावर्तन देतो आणि घामट हातांना चिकटतो. आमचा जाड, निस्तेज कागद मळतो लवकर, हे खरं. एखाद्या पत्त्याचा कोपरा दुमडला किंवा पाठीवर वरणाचा डाग पडला तर मुलं तो पालथा असतानाही ओळखतात, आणि ती जोडी डोळे मिटून लावतात. असा पत्ता डावातून काढा आणि आम्हाला त्याची संख्या व प्रकार कळवा, उदाहरणार्थ "६, बांगड्या, देवनागरी संच". सुटा पत्ता आम्ही टपालाने पाठवतो. पहिल्या वर्षात तीन पत्त्यांपर्यंत त्याचे पैसे घेत नाही. पेनाने लिहिलेले पत्ते यात धरलेले नाहीत.