राउटरमध्ये पोर्ट न उघडता कारखाना आणि दुकान कसे जोडले जातात? मेश व्हीपीएनबद्दल ग्राहकांसाठी माहिती

कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुकान चाटी गल्लीत आणि राहायला होटगी रोडला, असा पसारा आमच्या बऱ्याच ग्राहकांचा आहे. टॅली कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर असते, चादरी-टॉवेलची बिलं दुकानात होतात आणि रात्री मालकांना घरून स्टॉक बघायचा असतो. ही तिन्ही ठिकाणं जोडायला आता आम्ही राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करत नाही, मेश व्हीपीएन म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरना एकमेकांशी थेट जोडणारं खासगी जाळं बसवतो. "मग बाहेरून आत रस्ता मिळतो तरी कसा?" असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचं नीट उत्तर देण्यासाठी हे पत्रक.

अडचण कुठे आहे

कारखान्यातल्या कॉम्प्युटरचा पत्ता 192.168.1.10 असतो आणि दुकानातल्या कॉम्प्युटरचाही नेमका तोच असू शकतो. हे पत्ते फक्त त्या त्या राउटरच्या आतले, इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. जुन्या पद्धतीचे म्हणजे IPv4 चे पत्ते जगभरात मिळून सुमारे 430 कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून एका बाहेरच्या पत्त्यामागे सगळी उपकरणं बसवली जातात. हे काम राउटरमधलं नॅट करतं. आतून एखादं पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा बाहेर निघाला की राउटर ते कोणत्या कॉम्प्युटरचं, बाहेर कोणत्या पोर्टवरून म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या दारातून गेलं आणि कुणाकडे गेलं याची नोंद करतो. त्या नोंदीशी जुळणारं उत्तर आलं तर आत सोडतो. नोंद नसलेलं पॅकेट आलं तर काही न कळवता टाकून देतो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरमध्ये कायमची नोंद करून ठेवणं: या पोर्टवर जे येईल ते कारखान्याच्या कॉम्प्युटरला द्या. त्यातून दुकान आत येतं, पण इतर सगळेही येऊ शकतात. रिमोट डेस्कटॉपचा 3389 हा पोर्ट उघडा ठेवला की त्यावर पासवर्डचे अंदाज लावणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस येत राहतात. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचंही तसंच. कंपनीतून आलेला पासवर्ड न बदललेले असे डीव्हीआर आणि कॅमेरे 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभर ताब्यात घेतले होते.

त्यात आता बऱ्याच फायबर जोडण्यांवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, कारण इंटरनेट कंपनी स्वतःच्या पातळीवर आणखी एक नॅट लावते. त्याला सीजी-नॅट म्हणतात. तुमच्याकडे ते आहे का, हे राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP समोर कळतं. तिथला पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजी-नॅटमागे आहात. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी त्याच्या बाहेरचं दार कंपनीकडे आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. आम्ही बसवतो ते टेलस्केल नावाचं मेश व्हीपीएन प्रत्येक उपकरणाला याच 100 च्या गटातला आपला पत्ता देतं. त्यामुळे तपासताना WAN IP राउटरच्या पानावरच बघा, कॉम्प्युटरवर नको.

दोन्ही बाजूंनी आतूनच सुरुवात

मेश व्हीपीएनचं तत्त्व असं की बाहेरून आत कुणी शिरायचंच नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच सुमारास आतून बाहेर पॅकेट पाठवतात आणि आपापल्या राउटरला नोंद करायला लावतात. याला होल पंचिंग म्हणतात. एका उदाहरणात पायरी पायरीने बघू. यातले बाहेरचे पत्ते फक्त नमुन्यासाठी आहेत.

कारखान्यात आणि दुकानात टेलस्केल चालू आहे. दोन्हीकडे ते यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीचा 41641 हा पोर्ट वापरतं. सुरुवातीला प्रत्येक कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या एका स्टन सर्व्हरला छोटं पॅकेट पाठवून विचारतो, "मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतोय?" कारखान्याला उत्तर येतं 203.0.113.25, पोर्ट 52114. दुकानाला येतं 198.51.100.8, पोर्ट 30977. दुकान सीजी-नॅटमागे आहे, म्हणजे पॅकेट आधी दुकानाच्या राउटरमधून आणि मग कंपनीच्या नॅटमधून गेलं. पण स्टनला सर्वांत बाहेरचा पत्ता दिसतो आणि आपल्याला तोच हवा असतो. हा प्रश्न ज्या पोर्टवरून विचारला, व्हीपीएनचं पुढचं बोलणंही त्याच पोर्टवरून व्हावं लागतं. दुसरा पोर्ट वापरला तर नॅट वेगळी नोंद करेल आणि विचारलेला पत्ता वाया जाईल.

हे पत्ते एकमेकांना सांगायला मध्ये ओळखीचं कुणीतरी लागतं. दोन्ही कॉम्प्युटर समन्वय करणाऱ्या सर्व्हरशी आणि रिले सर्व्हरशी आधीच आतून जोडलेले असतात, बँकेची वेबसाइट उघडावी तसंच, 443 या पोर्टवरून. त्याच वाटेने दुकानाला कारखान्याचा पत्ता कळतो आणि कारखान्याला दुकानाचा.

आता दुकान 203.0.113.25:52114 कडे पॅकेट पाठवतं. कारखान्याच्या राउटरकडे दुकानाबद्दल अजून काहीच नोंद नाही, त्यामुळे तो ते टाकून देतो. पण ते पॅकेट वाया गेलं असं समजू नका. बाहेर पडताना त्याने दुकानाच्या बाजूच्या नॅटमध्ये "कारखान्याशी बोलणं सुरू आहे" अशी नोंद तयार केली. काही मिलिसेकंदांत कारखाना 198.51.100.8:30977 कडे आपलं पॅकेट पाठवतो. कंपनीच्या नॅटला ते अपेक्षित उत्तर वाटतं आणि ते आत सोडलं जातं. जाताना त्या पॅकेटने कारखान्याच्या राउटरमध्येही नोंद केलेली असते, म्हणून दुकानाचं पुढचं पॅकेट बिनदिक्कत आत येतं. रस्ता दोन्ही बाजूंनी खुला झाला. राउटरच्या सेटिंगला कुणी हातही लावला नाही.

आणि हा रस्ता फक्त या दोघांसाठी आहे. सहसा राउटर तिसऱ्या कुणाचं पॅकेट त्या पोर्टवर घेत नाही. घेतलं तरी आतलं सगळं वायरगार्ड पद्धतीने कूटबद्ध असतं, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

नोंद मात्र फार काळ टिकत नाही. RFC 4787 या इंटरनेटच्या नियमांच्या 2007 च्या दस्तऐवजात यूडीपीची नोंद निदान 2 मिनिटं ठेवावी असं म्हटलंय, तरी बरेच राउटर 30 सेकंद शांतता दिसली की ती पुसतात. म्हणून मध्ये मध्ये रिकामी पॅकेटं पाठवत राहावी लागतात. नुसतं वायरगार्ड वापरणारे हे अंतर सहसा 25 सेकंद ठेवतात. लाईट जाऊन राउटर बंद पडला तर सगळ्या नोंदी जातात आणि बाहेरचा पत्ताही बदलू शकतो. अशा वेळी वरची सगळी प्रक्रिया आपोआप पुन्हा होते, तुम्हाला काही करावं लागत नाही.

थेट जोडलंय की रिलेवरून, हे तुम्हीच बघा

रस्ता तयार होईपर्यंत बोलणं अडू नये म्हणून सुरुवातीची पॅकेटं रिले सर्व्हरवरून जातात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून खालची पहिली ओळ टाइप करा, पुढच्या दोन ओळी म्हणजे येणारं उत्तर. `karkhana` च्या जागी आम्ही तुमच्या कॉम्प्युटरला दिलेलं नाव लिहा.

```
tailscale ping karkhana
pong from karkhana (100.101.12.7) via DERP(blr) in 62ms
pong from karkhana (100.101.12.7) via 203.0.113.25:52114 in 18ms
```

उत्तराच्या पहिल्या ओळीतलं DERP म्हणजे रिले आणि blr म्हणजे बेंगळुरू. पॅकेट चाटी गल्लीतून बेंगळुरूला जाऊन एमआयडीसीत आलं. दुसऱ्या ओळीत प्रत्यक्ष पत्ता आणि पोर्ट दिसतो, म्हणजे होल पंचिंग झालं. बराच वेळ वापर नसेल तर पहिली ओळ रिलेची येणारच, त्याची काळजी करू नका. सगळ्या ओळी DERP च्याच आल्या आणि शेवटी `direct connection not established` दिसलं, तर थेट रस्ता झालेला नाही.

असं झालं तरी काम बंद पडत नाही आणि तुमची माहितीही उघडी पडत नाही, कारण किल्ल्या तुमच्या कॉम्प्युटरमध्येच असतात. रिलेला काहीही वाचता येत नाही. मात्र वेग घटतो. रिमोट डेस्कटॉपवर व्हाउचर टाकायला अडचण येत नाही, पण चार कॅमेऱ्यांचं लाइव्ह चित्र अडखळतं.

थेट रस्ता न होण्याची मुख्य कारणं दोन. एखाद्या ऑफिसच्या फायरवॉलने यूडीपीच बंद केलेलं असतं, किंवा नॅट प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा पोर्ट वापरतं. दुसऱ्या प्रकाराला सिमेट्रिक नॅट म्हणतात. त्यात स्टनला एक पोर्ट दिसतो आणि कारखान्याशी बोलताना दुसराच वापरला जातो, म्हणून सांगितलेला पत्ता निरुपयोगी ठरतो. मोबाइल हॉटस्पॉटवर असं होऊ शकतं. `tailscale netcheck` ही कमांड एकाहून जास्त सर्व्हरना विचारून पोर्ट बदलतो का ते तपासते:

```
* UDP: true
* MappingVariesByDestIP: true
```

दुसऱ्या ओळीत `true` म्हणजे सिमेट्रिक नॅट. दोन्ही ठिकाणी `true` आलं तर रिलेवरच राहावं लागेल असं धरून चाला. एकाच ठिकाणी आलं तर दुसऱ्या बाजूचा राउटर किती काटेकोर आहे यावर ठरतं: तो पाठवणाऱ्याचा फक्त पत्ता तपासत असेल तर जमतं, पोर्टही तपासत असेल तर अडतं. अशा वेळी आम्ही आधी दोन्ही ठिकाणी IPv6 म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत चालू होतेय का बघतो. त्यात नॅटची गरज राहत नाही. फायरवॉल तरीही बाहेरचं पॅकेट अडवते, पण पोर्ट बदलत नसल्याने दोन्हीकडून पॅकेट पाठवण्याची हीच युक्ती तिथे सहज लागू पडते. राउटरमधलं यूपीएनपी चालू करूनही काम होतं, पण त्याने आतलं कोणतंही उपकरण स्वतःहून पोर्ट उघडू शकतं. म्हणून तो उपाय आम्ही शेवटचा ठेवतो.

थेट रस्ता झाल्यावरही टॅलीचा डेटा फोल्डर शेअर करून दुकानातून उघडू नका. फायलींची लहान लहान वाचनं प्रत्येक वेळी फेरी मारतात, टॅली रेंगाळते आणि मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने जाऊन तिथेच काम करा. त्यासाठी त्या कॉम्प्युटरवर विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही. कॅमेऱ्यांसाठी कारखान्याच्या फायबरचा अपलोड वेग किती आहे ते बघा. चित्र तिकडून बाहेर येतं, त्यामुळे दुकानातला डाउनलोड वाढवून उपयोग नाही.

जोडणी बसवून झाल्यावर राउटरमधले जुने पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम आम्ही तुमच्यासमोर काढून टाकतो. आधी कुणी बसवलेले नियम राहून गेले असतील तर तेही दाखवायला सांगा. मग फोनवरचं टेलस्केल आणि वायफाय दोन्ही बंद करून, मोबाइल डेटावरून जुन्या पत्त्याने कॅमेरे उघडून बघा. ते उघडले तर एखादा पोर्ट अजून खुला आहे. लगेच आम्हाला फोन करा आणि सोबत राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंग पानाचा फोटो पाठवा.