कोमट कूलर, तापलेला प्रोसेसर

"काका, पेस्ट संपली. तपकीर गल्लीत जाऊन अजून एक ट्यूब आणू का?"

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा दारात उभा होता. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, बोटांना राखाडी पेस्ट आणि तीच थोडी कपाळालाही. आयुष्यातला पहिला डेस्कटॉप त्याने स्वतः जोडला होता. प्रोसेसर रायझन ५ ७६००, आणि त्यावर चार हीटपाइपांचा, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा, उंच टॉवर कूलर. दोघांच्या मधे ही पेस्ट. मशीन सुरू झालं, विंडोज चढलं, सगळं छान. पण व्हिडिओ रेंडरिंगसारखं जड काम दिलं की तापमान दोन-तीन सेकंदांत एका दमात ९५ अंशांवर. ही त्या प्रोसेसरची वरची मर्यादा आहे. तिथे पोचला की तो आपला वेग आणि विजेचा वापर कमी करतो, म्हणजे जळत नाही, पण ज्यासाठी पैसे मोजले ते कामही पूर्ण देत नाही.

मित्रांच्या ग्रुपवर निदान झालं होतं की पेस्ट कमी पडली. त्याने कूलर काढला, पुसला, जास्त पेस्ट लावली, पुन्हा बसवला. असं तीनदा. आकडा काही हलेना.

मी वर गेलो. जड काम पाच मिनिटं चालू ठेवलं आणि पंख्याच्या पात्यांपासून बोट लांब ठेवून कूलरच्या तळाला, हीटपाइप जिथे तळातून बाहेर येतात तिथे हात लावला. कोमट. पडद्यावर `Tctl/Tdie` समोर, म्हणजे प्रोसेसरच्या तापमानासमोर, ९५ अंश, आणि प्रोसेसरपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर असलेला धातू मुलांच्या अंघोळीच्या पाण्याइतका कोमट. पंखा बंद असता किंवा धुळीने जाळी तुंबली असती, तर हा तळही चटका देण्याइतका तापला असता. म्हणजे कूलर आपलं काम करत होता. उष्णता अडत होती ती प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे.

इथे एक गंमत लक्षात घ्या. मधे अडथळा असला म्हणून उष्णता कूलरकडे जायची थांबत नाही. प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन शेवटी बाहेर पडतेच, तिला दुसरी वाट नाही. ओढ्यावर बंधारा घातला तरी भरल्यावर पाणी वरून वाहतंच, फक्त बंधाऱ्याच्या मागची पातळी चढलेली असते. तसंच इथे. अडथळ्याच्या मागे, म्हणजे प्रोसेसरमधे, तापमान चढतं. ते किती चढेल हे अडथळ्याची जाडी आणि त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता यांवर ठरतं.

आता पेस्ट मुळात कशाला लागते? प्रोसेसरचं वरचं झाकण धातूचं, कूलरचा तळही धातूचा. हाताला दोन्ही गुळगुळीत लागतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे सह्याद्री असतो. दोन डोंगररांगा एकमेकींवर उलट्या ठेवल्या तर टेकतात फक्त काही सुळके, बाकी दऱ्याच दऱ्या. तव्यावरची पोळी आठवा. जिथे टेकते तिथे तपकिरी डाग पडतात, जिथे केसभर उचललेली असते तिथे ती पांढरीच राहते, तवा तितकाच तापलेला असूनही. केसभर हवेने एवढा फरक पडतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या दऱ्यांतही हवाच असते, आणि हवा ही उष्णतेची अतिशय वाईट हमाल आहे. तांबं तिच्या सुमारे १५,००० पट चांगलं.

पेस्टचं काम एवढंच, या दऱ्यांतली हवा हुसकावून तिची जागा घेणं. बहुतेक पेस्ट म्हणजे सिलिकॉनचं तेल आणि त्यात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड. ती तांब्याच्या तुलनेत अगदीच मठ्ठ वाहक आहे. तांब्याची वाहकता ४०० धरली तर चांगल्या पेस्टची ५ किंवा फार तर १० असते. पण हवेची ०.०२६ आहे. म्हणजे पेस्ट चांगली ठरते ती हवेपुढे, धातूपुढे नाही. म्हणूनच "जास्त लावली की जास्त गार" हे उलटं आहे. जिथे धातूला धातू टेकलेला आहे तिथे पेस्ट मधे आली तर नुकसानच.

हिशेब करून बघू, शाळेतलाच आहे. हा प्रोसेसर पूर्ण जोरात सुमारे ९० वॅट खातो. ही उष्णता झाकणाच्या ३ सेंटिमीटर गुणिले ३ सेंटिमीटर भागातून वर जाते असं धरू, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० वॅट. (कपड्यांच्या इस्त्रीच्या पत्र्यावर याहून कमी पडतात!) सूत्र सोपं आहे:

ΔT = q × t ÷ k

इथे q म्हणजे दर चौरस मीटरला जाणारी उष्णता, १,००,००० वॅट. t म्हणजे थराची जाडी मीटरमधे. k म्हणजे वाहकता. पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर आणि वाहकता ५ धरली तर तापमानातला फरक येतो १ अंश. पेस्टऐवजी फक्त ०.०१ मिलिमीटर हवा मधे राहिली, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, तर फरक येतो ३८ अंश. प्रत्यक्षात मधे काही सुळके टेकलेले असतात म्हणून एवढा येत नाही, आणि दुसरीकडे उष्णता झाकणाखालच्या छोट्याशा चिपमधून येते म्हणून ती सगळीकडे सारखी पसरतही नाही. पण अंदाज घ्यायला हे आकडे पुरेत.

याच सूत्रात पेस्टचा जाड थर घालून बघा. ०.३ मिलिमीटरचा लेप राहिला तर ६ अंश. वाईट, पण जीवघेणं नाही. शिवाय कूलर नीट आवळला की जादा पेस्ट कडेने बाहेर येते आणि थर आपोआप पातळ होतो. म्हणून मधे वाटाण्याएवढा ठिपका द्यावा की फुली काढावी यावर चालणारी महायुद्धं मला गमतीची वाटतात. चौकोनी झाकणाला वाटाणा पुरतो, लांबट झाकणाला बारीक रेघ किंवा फुली. बोटाने सारवत बसू नये, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. गवंडी टाइलमागे माल नीट पसरू देत नाही आणि मग ती टाइल टकटक केली की पोकळ वाजते, तोच प्रकार.

ट्यूबवर "नॅनो" आणि "डायमंड" लिहून चौपट किंमत लावणाऱ्यांनाही हेच सूत्र लावा. वाहकता ५ ची १० झाली तर आपला १ अंश अर्धा होतो. अर्ध्या अंशासाठी कोण भांडणार? आणि टूथपेस्ट लावून "चालतं की!" म्हणणारे व्हिडिओही खोटे नाहीत. टूथपेस्टही हवा हुसकावते, म्हणून पहिले काही तास चालते. मग तिच्यातलं पाणी उडतं, ती वाळून तडकते आणि हवा परत आत येते. व्हिडिओ तोवर संपलेला असतो.

तर पेस्टच्या चुकीने ६ अंश जातात. आमच्या पोराचे गेले होते त्याहून कितीतरी जास्त. मी कूलर उतरवायला लावला, तळावरची पेस्ट पुसली आणि नखाने कडेला खरवडलं. एक पारदर्शक कातडं सुटून आलं. तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यात चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म. "बसवण्यापूर्वी काढा" अशी इंग्रजी सूचना असलेली तिची शेपटी तळाच्या कडेखाली दुमडून गेली होती. तीनदा त्याने ही फिल्मच स्वच्छ पुसून तिच्यावर पेस्ट लावली होती. प्लास्टिकची वाहकता साधारण ०.२. जाडी ०.०५ मिलिमीटर धरली तर आपलं सूत्र २५ अंश सांगतं. सत्तरीत राहायला हवा होता तो प्रोसेसर नव्वदीच्या पुढे कसा गेला, याचा हिशेब मिटला.

मग आम्ही ते रीतसर केलं. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, चष्मा पुसायच्या कापडाने. सॅनिटायझरचं जेल वापरू नका, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते मागे राहतात. वाटाण्याएवढा ठिपका. कूलर सरळ वरून खाली, टेकल्यावर उचलून बघायचं नाही, कारण उचललं की पेस्टमधे हवा शिरते आणि पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि मग स्क्रू. हा भाग लोक घाईत उरकतात, पण पेस्टचा थर किती पातळ होणार ते इथेच ठरतं. या कूलरला दोन स्प्रिंगचे स्क्रू होते. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला पाचर मारल्यासारखी जाड राहते. म्हणून दोन्ही आधी नुसते पकडवायचे, मग आलटून पालटून दोन-दोन फेरे, स्क्रू आपणहून थांबेपर्यंत. चार स्क्रू असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांत, फुलीच्या क्रमाने. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला स्क्रूऐवजी चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या प्रत्येकी "टक्" वाजल्या पाहिजेत, आणि तरीही मदरबोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलेली डोळ्यांनी बघावीत. तीन बसल्या आणि एक अधांतरी, हे मी फार वेळा पाहिलंय. जुना कूलर इंटेलच्या एलजीए १७०० बोर्डावर चढवणाऱ्यांनी त्या सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचं, वेगळं किट मागून घ्यावं. भोकांतलं अंतर बदललंय आणि प्रोसेसरही थोडा खाली बसतो, त्यामुळे जुनी पट्टी जेमतेम टेकते आणि दाब मिळतच नाही.

जुन्या एएम४ सॉकेटच्या रायझनवाल्यांना एक सावधगिरी. त्यात पिना प्रोसेसरलाच असतात. गार मशीनवरचा कूलर सरळ वर ओढला तर वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते, पिनांसकट. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ करायची, बंद करून प्लग काढायचा, मग कूलर डावी-उजवीकडे पिळत सैल करायचा.

पंख्याची वायर मदरबोर्डावरच्या `CPU_FAN` मधे लावली आणि तेच रेंडरिंग पुन्हा सुरू केलं. आकडा झटकन साठीत गेला आणि मग सावकाश, पाच-सहा मिनिटं घेत, ७२ वर टेकला. नीट बसलेल्या कूलरची हीच चाल असते, पहिली उडी छोटी आणि पुढची चढण संथ, कारण आता अख्खा कूलर तापायला वेळ लागतो.

पोराने उत्साहाने कूलरच्या तळाला हात लावला आणि चेहरा पाडला. "काका, हा तर मघापेक्षा जास्त गरम लागतोय."

लागणारच. मघाशी ९५ वर पोचलेला प्रोसेसर कमी वीज खात होता. आता तो पूर्ण ९० वॅट खात होता, आणि ते सगळे त्याच्या बोटाखालून जात होते.