शून्याने भागाकार (खहर)

शून्येतर संख्येला शून्याने भागण्याची क्रिया नेहमीच्या अंकगणितात अव्याख्यात मानतात. १/० या लेखनाला मूल्य नाही. ‘१/० म्हणजे अनंत’ हे विधान बोलण्यात रूढ असले, तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. भाजक शून्य असताना भागाकाराला किंमत नसणे ही एक, आणि भाजक शून्याकडे जात असताना भागाकार हवा तितका मोठा होत जाणे ही दुसरी. पहिली गोष्ट एका बिंदूविषयी आहे. दुसरी त्या बिंदूच्या आसपासच्या वर्तनाविषयी आहे, आणि त्या बिंदूवर काय घडते हे ती विचारतच नाही. भारतीय गणितात या प्रश्नाची चर्चा ‘खहर’ (ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद) या संज्ञेभोवती झाली.

अव्याख्यात का. अ ÷ ब = क याचा अर्थ ब × क = अ असे करणारी एकच संख्या क आहे, इतकाच. १ ÷ ० साठी ० × क = १ असा क हवा, पण शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच येते. म्हणून असा क मिळत नाही. ० ÷ ० ची अडचण उलटी आहे: तेथे प्रत्येक क चालतो, म्हणून एक निवडता येत नाही. ‘अनंत’ नावाची नवी संख्या आणून ० × अनंत = १ असे ठरवले, तर त्याच कारणाने २/० साठी ० × अनंत = २ असेही मानावे लागते आणि १ = २ निघते. पाठ्यपुस्तकांत परिमेय संख्येची व्याख्या म/न अशी देताना ‘न शून्य नसावा’ ही अट घातलेली असते, ती यासाठी.

खहर या संज्ञेचा अर्थ. ब्रह्मगुप्ताने (इ.स. ६२८) शून्याने भागलेल्या राशीला ‘तच्छेद’ म्हटले, म्हणजे शून्य हाच जिचा छेद आहे अशी राशी. तिची किंमत त्याने सांगितली नाही. मात्र शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे तो म्हणतो. महावीराचार्याच्या मते (इ.स. ८५० च्या सुमारास) शून्याने भागलेली राशी अविकृत राहते. हे मत टिकण्यासारखे नाही. कदाचित ‘कोणालाच वाटून दिले नाही तर राशी आहे तशीच राहते’ अशी व्यवहारातली समजूत त्यामागे असावी.

भास्कराचार्य (जन्म शके १०३६, इ.स. १११४) यांच्या लेखनापाशी मतभेद सुरू होतात. ‘लीलावती’त ते एवढेच सांगतात की शून्याने भागलेली राशी खहर होते. ‘बीजगणिता’त मात्र ३/० चे उदाहरण घेऊन ‘अयमनन्तो राशिः खहर इत्युच्यते’ असा खुलासा येतो. त्यापुढच्या प्रसिद्ध श्लोकात प्रलय आणि सृष्टीच्या वेळी अनेक जीव आत गेले वा बाहेर पडले, तरी अनंत अच्युतात जसा फरक पडत नाही, तसा या राशीत काही मिळवल्या-वजा केल्याने विकार होत नाही, असा दृष्टान्त आहे. काही अभ्यासक याला अनंत संख्येचे पहिले स्पष्ट विधान मानतात. अंकगणित म्हणून ते तोलून पाहिले तर अडचण लगेच दिसते. ३/० + ५ = ३/० हे खरे मानून नेहमीच्या नियमाने दोन्हीकडून ३/० वजा केले, तर ५ = ० उरते. म्हणजे एकतर खहर ही संख्या नव्हे, किंवा संख्यांचे नियम तिला लागू नाहीत. दुसऱ्या काही अभ्यासकांच्या मते खहर हे उत्तर नसून अर्धवट ठेवलेली क्रिया आहे: छेदात शून्य आहे याची नोंद ठेवायची आणि पुढचे गणित पाहायचे. ‘लीलावती’पुरते तरी हे दुसरे वाचन अधिक जुळते. त्याचे कारण खालच्या उदाहरणात दिसेल.

या ग्रंथांच्या टीकांसाठी पुण्याच्या आनंदाश्रमाच्या आवृत्त्या वापरात आहेत. महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या ग्रंथमालेत कृष्ण दैवज्ञांच्या ‘नवांकुर’ टीकेसह ‘बीजगणित’ १९३० मध्ये, आणि गणेश दैवज्ञांच्या ‘बुद्धिविलासिनी’सह (इ.स. १५४५) ‘लीलावती’ १९३७ मध्ये छापली गेली.

कृष्ण दैवज्ञांचा युक्तिवाद. नवांकुर टीका साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरची धरतात. तीत युक्तिवाद असा: भाजक जसजसा घटतो तसतसा भागाकार वाढतो, भाजक परम घटला की भागाकार परम वाढतो, पण ‘इतका’ असे सांगता आले, तर त्याहून मोठाही सांगता येईल, म्हणून त्याला अनंत म्हणायचे. यातले ‘इतका म्हटला तर त्याहून मोठा’ हे वाक्य आजच्या अमर्याद सीमेच्या व्याख्येच्या फार जवळचे आहे. घसरण त्यानंतर होते. ‘घटत जातो’ यावरून ‘घटून शून्य झाला’ इथे उडी मारली जाते, आणि शून्याजवळचे वर्तन शून्यावर लादले जाते.

शंकुच्छाया. खहराच्या समर्थनार्थ टीकाकार शंकूच्या, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीचा दाखला देतात. तो पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या सपाट माथ्यावर बारा अंगुळांचा शंकू रोवला आहे अशी कल्पना करून तपासता येतो. शंकूच्या उंचीला सूर्याच्या उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासूनच्या कोनाच्या, tan ने भागले की सावलीची लांबी मिळते. उन्नतांश ४५ अंश असताना सावली १२ अंगुळे पडते. १० अंश असताना सुमारे ६८, १ अंश असताना सुमारे ६८७ आणि एका अंशाचा दहावा भाग उरला असताना सुमारे ६,८७५ अंगुळे, म्हणजे अंदाजे सव्वाशे मीटर. विषुवदिनाच्या सुमारास पुण्यात सूर्य शेवटचा एक अंश उतरायला सव्वाचार मिनिटांच्या आसपास घेतो. (वातावरणामुळे होणारे किरणांचे वक्रीभवन येथे सोडून दिले आहे, प्रत्यक्षात क्षितिजावर दिसणारा सूर्य भूमितीच्या हिशेबाने अर्ध्या अंशाहून थोडा अधिक खाली असतो.) या सव्वाचार मिनिटांत कोणताही क्षण घेतला, तरी सावलीला मोजता येणारी लांबी असते. कोणी कितीही मोठा आकडा सांगावा, त्याहून लांब सावलीचा क्षण अजून यायचा असतो. याला अमर्याद वाढ म्हणतात.

सूर्यकेंद्र नेमके क्षितिजावर आले की किरण जमिनीला समांतर होतो. शंकूच्या टोकावरून गेलेला किरण जमिनीला कोठेच भेटत नाही, म्हणून सावलीला टोक नसते. ‘सावली अनंत लांब आहे’ म्हणण्यापेक्षा ‘सावलीची लांबी हा प्रश्न आता लागू नाही’ हे म्हणणे नेमके आहे. आणखी एक अंश खाली गेल्यावर तेच सूत्र उणे ६८७ सांगते: किरणाची रेषा वाढवली तर ती जमिनीला सूर्याच्याच बाजूला छेदते. म्हणजे क्षितिजाच्या एका बाजूने उत्तरे धन दिशेला आणि दुसऱ्या बाजूने ऋण दिशेला बेफाम जातात. १/क्ष चे शून्यापाशी हेच होते. मधल्या बिंदूला ‘अनंत’ ही किंमत द्यायची, तर दोन्हींपैकी कोणती बाजू खरी धरायची हा प्रश्न उरतो. (मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात मध्यान्ही सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. तेथे लांबी खरोखरच शून्य असते. नसणे आणि शून्य असणे यांतला फरक शिकवायला तो दिवस सोयीचा.)

दृष्टान्ताचा आणखी एक भाग तपासण्याजोगा आहे. क्षितिजस्थ सूर्यापुढे शंकू लहान असो वा मोठा, सर्वांची सावली सारखीच अनंत, असे म्हटले जाते. पण सूर्य क्षितिजावर येण्याआधी प्रत्येक क्षणी चोवीस अंगुळांच्या शंकूची सावली बारा अंगुळांच्या शंकूच्या सावलीच्या दुप्पट असते, आणि गुणोत्तराची सीमा २ हीच राहते. १२/० आणि २४/० यांना एकच ‘अनंत’ म्हटले, की ही माहिती हरवते.

सीमा. ‘क्ष उजवीकडून ० कडे जाताना १/क्ष ची सीमा अनंत’ या वाक्यात अनंत ही संख्या नाही. त्याचा अर्थ: कोणतीही संख्या म द्या, ० च्या उजवीकडे इतके जवळ राहता येते की १/क्ष हा म पेक्षा मोठाच असेल. म दहा लाख असेल तर क्ष एक दशलक्षांशापेक्षा लहान आणि धन ठेवला की पुरते. क्ष = ० हे या व्याख्येतून मुद्दाम वगळलेले असते. अशी मांडणी फ्रेंच गणिती कोशी याच्या १८२१ च्या ग्रंथापासून रूढ होऊ लागली. ∞ हे चिन्ह त्याहून जुने, इंग्रज गणिती वॉलिसचे, १६५५ मधले. १/क्ष² घेतले तर दोन्ही बाजूंनी वाढ धन दिशेलाच होते, डाव्या-उजव्याचा तंटा मिटतो, तरीही क्ष = ० येथे किंमत अव्याख्यातच राहते. म्हणून ‘दोन बाजू जुळत नाहीत’ हे १/० ला मूल्य नसल्याचे मूळ कारण नव्हे. ते वर सांगितलेल्या गुणाकारात आहे.

लीलावतीतील उदाहरण. कोणत्या राशीला शून्याने गुणून, त्यात त्याचा अर्धा मिळवून, तीनने गुणून, शून्याने भागले असता ६३ येतात? शब्दशः क्रिया केली तर पहिल्याच पायरीला सारे शून्य होते आणि शेवटी ०/० उरते. राशी कोणतीही चालेल. भास्कराचार्यांचा नियम वेगळा आहे: पुढची क्रिया बाकी असेल तर शून्याने गुणलेली राशी शून्य करून टाकू नये, ‘खगुण’ म्हणून ठेवावी, नंतर शून्य हर आला तर राशी अविकृत समजावी. मग राशीची दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचारपट ६३, राशी १४.

शून्याच्या जागी ह ही लहान पण शून्य नसलेली संख्या घातली, की नियमाचे मर्म कळते. १४ह मध्ये ७ह मिळवून २१ह, तिप्पट ६३ह, ह ने भागून ६३. ह कितीही लहान घेतला तरी ६३ च येते, म्हणून सीमा ६३. भागाकार म्हणून हे चूक आहे, सीमा म्हणून बरोबर. मात्र गुणक आणि हर ही दोन शून्ये एकाच वेगाने शून्याकडे जात असतील तरच ती उडवता येतात. गुणक ह² असता आणि हर ह, तर सीमा ६३ नव्हे, शून्य आली असती. उलट असते तर सीमाच अमर्याद झाली असती. ही अट नियमात सांगितलेली नाही. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे असे भास्कराचार्य तेथेच नोंदवतात. त्यावरून आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’तील तात्कालिक गतीच्या विवेचनावरून त्यांना कलनाचे ज्ञान होते असे काही जण म्हणतात. एका यशस्वी युक्तीवरून सर्वसाधारण सिद्धान्ताचे अनुमान काढताना सावध राहणे बरे.

इतर पद्धती. संमिश्र विश्लेषणात प्रतलाला एकच अनंतबिंदू जोडून (रीमानचा गोल) १/० = ∞ अशी व्याख्या करतात; तेथे धन-ऋण अनंत एकच, पण ० × ∞ आणि ०/० अव्याख्यातच ठेवावे लागतात. संगणकातील फ्लोटिंग-पॉइंट गणिताच्या IEEE 754 (१९८५) या मानकात शून्यालाही चिन्ह असते. जावास्क्रिप्टमध्ये ते पाहता येते:

```
1/0    // Infinity
1/-0   // -Infinity
0/0    // NaN
```

हे ‘Infinity’ म्हणजे नेहमीची संख्या नसून मानकाने ठरवलेली खास खूण असते; साठवणुकीच्या कक्षेबाहेर गेलेल्या उत्तरासाठीही तीच वापरतात. पायथन हेच मानक वापरत असूनही `1/0` ला उत्तर न देता `ZeroDivisionError` दाखवतो.