कोरी चौकट, शून्य आणि सरासरीचा छेद

एका पर्जन्यमापकाच्या दहा दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा आहेत: 14, 0, 0, कोरी, 22, 0, कोरी, कोरी, 6, 0. रोजचा सरासरी पाऊस किती? बेरीज 42 आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो छेदाचा. कोऱ्या नोंदी बाजूला ठेवल्या तर 42 भागिले 7, म्हणजे 6. त्या शून्य धरल्या तर 42 भागिले 10, म्हणजे 4.2. आणि कुणी साफसफाई करताना शून्यंही ‘रिकामी’ समजून उडवली, तर 42 भागिले 3, म्हणजे 14. तिन्ही आकडे पावसाचे म्हणून सहज खपतात. आलेखावर यातला कुठलाही आला तरी बघणाऱ्याची भुवई उंचावणार नाही.

हा घोळ संगणकांइतकाच जुना आहे. प्रत्येक पिढीच्या साधनाने ‘कोरं म्हणजे काय’ याचं उत्तर वापरणाऱ्याच्या वतीने आधीच देऊन ठेवलं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं.

सुरुवात पंचकार्डांपासून करावी लागते. कार्डावर प्रत्येक आकड्यासाठी ठरावीक स्तंभ राखलेले असत आणि छिद्र नसलेला स्तंभ म्हणजे कोरा स्तंभ. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत, 1966च्या प्रमाणानुसार, आकड्याच्या जागेतला कोरा स्तंभ शून्य म्हणून वाचला जाई. तीन स्तंभांच्या जागेत 12 हा आकडा डावीकडे सरकवून छिद्रित केला, तर उजवीकडचा कोरा स्तंभ शून्य ठरून वाचन व्हायचं 120. फोरट्रान 77ने यावर तोडगा काढला. कोरे स्तंभ दुर्लक्षित करायचे की शून्य धरायचे हे `BN` आणि `BZ` या खुणांनी सांगता येऊ लागलं. पण एक गोष्ट तशीच राहिली: पूर्ण जागाच कोरी असेल, तर `BN` असतानाही तिचं मूल्य शून्यच. नोंद झालीच नाही आणि नोंद शून्य आली, हा फरक या वाचनात टिकतच नाही.

अशा जगात डेटा राखणाऱ्यांना कोरं सोडून चालण्यासारखं नव्हतं. म्हणून 9, 99, 999, -9999 असे सांकेतिक आकडे रूढ झाले. दैनंदिन हवामान नोंदींच्या जागतिक संचात, GHCN-Dailyमध्ये, नसलेल्या नोंदीच्या जागी आजही -9999 लिहिलेलं असतं. हा आकडा कुरूप असला तरी प्रामाणिक आहे. वरच्या उदाहरणात तीन ठिकाणी तो चुकून सरासरीत शिरला, तर उत्तर येतं -2995.5, आणि पाऊस उणे पडत नाही हे कुणालाही कळतं. खरा धोका 99चा. तीन कोऱ्या जागी 99 असतील तर सरासरी होते 33.9. मुसळधार दहा दिवस म्हणून ती बिनबोभाट अहवालात जाईल. म्हणून संकेत निवडताना तो त्या राशीला अशक्य असलेलाच हवा.

याच GHCN-Dailyमध्ये प्रत्येक नोंदीशेजारी एका अक्षराची खूण असते, आणि त्यातली `P` ही खूण मला फार बोलकी वाटते. तिचा अर्थ असा की मूळ संचात ही नोंद नव्हती, पण ती शून्य असावी असं गृहीत धरलं. जुन्या पद्धतीत कोरडा दिवस कोरा सोडणारे निरीक्षक असत आणि निरीक्षकच आला नाही म्हणूनही दिवस कोरा राही. दोन्हींना शून्य देऊन टाकलं, पण किमान तसं केल्याची खूण ठेवली. आजच्या बहुतेक डेटा पाइपलाइनमध्ये एवढंही होत नाही.

दुसरं उत्तर डेटाबेसवाल्यांचं. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल 1970मध्ये मांडलं, आणि नसलेल्या मूल्यांसाठी वेगळी खूण त्यांनी 1979च्या शोधनिबंधात आणली. 1985मध्ये त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे जे नियम सांगितले, त्यातला तिसरा नियम याच विषयावर आहे: नसलेली माहिती ही रिकाम्या अक्षरमालेपेक्षा, कोऱ्या जागांपेक्षा आणि शून्यापेक्षा वेगळी मानली गेली पाहिजे. पुढे तर त्यांना ‘माहीत नाही’ आणि ‘लागूच नाही’ यांसाठीही दोन स्वतंत्र खुणा हव्या होत्या. SQL या डेटाबेसच्या भाषेने मात्र `NULL` या एकाच खुणेवर भागवलं. ओरॅकलने तर रिकामी अक्षरमालाच `NULL` मानली आणि ती सवय आजही सोडलेली नाही.

सरासरीपुरता SQLचा नियम सरळ आहे: `AVG` कोऱ्या नोंदी बेरजेतूनही वगळतो आणि छेदातूनही. आपल्या दहा दिवसांवर हे चालवून बघा:

```sql
SELECT COUNT(*),                  -- 10
       COUNT(mm),                 -- 7
       AVG(mm),                   -- 6
       AVG(COALESCE(mm, 0))       -- 4.2
FROM rain;
```

पहिल्या दोन आकड्यांतला फरक, 10 आणि 7, हीच सगळ्यात स्वस्त तपासणी. सरासरीच्या शेजारी हे दोन्ही आकडे छापले की छेद कुठून आला ते उघड होतं. `COALESCE(mm, 0)`, म्हणजे कोऱ्या नोंदीच्या जागी 0 घालणं, ही मात्र अनेकांच्या हाताला लागलेली सवय आहे. पडद्यावर `NULL` वाईट दिसतो म्हणून कुणी तरी एखाद्या मधल्या क्वेरीत तो घालतो, आणि त्याच्यापुढे बसलेल्याला ती शून्यं अस्सल वाटतात.

तिसरं उत्तर गणिताच्या बाजूने आलं. दशांश आकड्यांच्या गणितासाठीच्या 1985च्या IEEE 754 प्रमाणाने `NaN`, म्हणजे ‘आकडा नाही’, हे मूल्य दिलं. त्याच्याशी काहीही मिळवलं तरी उत्तर `NaN`च येतं. R भाषेने आपली `NA` याच यंत्रणेत बसवली. दशांश आकड्यांसाठी ती आतून 1954 हा आकडा पोटात असलेली एक `NaN`च असते. Rमध्ये `mean(x)` म्हटलं आणि एक जरी नोंद गायब असली, तर उत्तर `NA`. पुढे जायचं असेल तर `na.rm=TRUE` हे स्वतः लिहावं लागतं. वैताग येतो, पण निर्णय आपण घेतला याची सही त्या ओळीत राहते. पायथनच्या पांडाजने तीच `NaN` घेतली आणि मूळ वागणूक उलटी ठेवली. तिथे `mean()` न सांगताच नसलेल्या नोंदी वगळतो.

पांडाजचा खरा सापळा बेरजेत आहे. एखाद्या महिन्याच्या सगळ्याच नोंदी गायब असतील, तर SQLची `SUM` देते `NULL`. पांडाजची `sum()` 0.22 या आवृत्तीपासून देते 0. त्याच महिन्याचा `mean()` मात्र `NaN` येतो. म्हणजे मासिक बेरजेचा स्तंभालेख काढला, तर यंत्र बंद असलेला महिना कोरडा ठणठणीत दिसतो. `sum(min_count=1)` लिहिलं की तो महिना पुन्हा कोरा होतो. पण एका दिवसाची नोंद असली तरी बेरीज येतेच, त्यामुळे `min_count` महिन्याच्या दिवसांइतका ठेवण्याचा विचार करावा.

एक्सेलमध्ये ही तिन्ही उत्तरं एकाच फाइलीत भेटतात. `AVERAGE` कोऱ्या चौकटी वगळतो, शून्यं धरतो. इथवर SQLसारखंच. पण दुसऱ्या शीटवर `=Sheet1!B5` असं लिहून मूल्यं आणली, की कोरी चौकट 0 होऊन येते, आणि त्या शीटवरची सरासरी 6वरून 4.2वर घसरते. हे टाळायला लोक सूत्रातून `""` परत करतात. मग सरासरी पुन्हा 6 होते, कारण `AVERAGE` मजकूर वगळतो. पण रेषालेख त्या मजकुराला शून्यावर टेकवतो. वर आकडा एक, खाली रेषा दुसरंच सांगणारी. आलेखाच्या सेटिंगमध्ये रिकाम्या चौकटीसाठी खंड, शून्य किंवा जोडरेषा असे पर्याय आहेत, पण ते खरोखर रिकाम्या चौकटीलाच लागू होतात. `""` असलेली चौकट रिकामी नसते. सूत्रातून `NA()` परत केला तर शून्याचा खड्डा टळतो. मात्र जुन्या आवृत्त्यांत दोन बाजूंचे बिंदू सरळ रेषेने जोडले जातात आणि जणू काही मधल्या दिवसांचीही नोंद होती असा आभास होतो. नव्या आवृत्त्यांत `#N/A`लाही रिकामं दाखवण्याची सोय आहे, ती चालू आहे ना ते बघावं. शिवाय `AVERAGE` अशा चौकटींवर अडतो आणि `#N/A` देतो. तिथे `AGGREGATE(1,6,…)` वापरावं लागतं.

इतकं वाचून 6 हेच बरोबर उत्तर असं वाटू शकतं. ते नक्की नाही. पाचव्या दिवशीचे 22 बघा, आणि नवव्या दिवशीचे 6. दोन्ही नोंदी खंडानंतर लगेच आलेल्या आहेत. हाताने वाचायचा पर्जन्यमापक असेल आणि निरीक्षक चौथ्या दिवशी आलाच नसेल, तर त्या दिवसाचं पाणी भांड्यात तसंच राहतं आणि पाचव्या दिवशी दोन्ही दिवसांचं मिळून मोजलं जातं. तसं असेल तर 42 मिलिमीटर हा पूर्ण दहा दिवसांचा पाऊस आहे, आणि सरासरी 4.2 हीच खरी! कोऱ्याला शून्य धरणाऱ्याचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर निघालं. रोजचा आलेख मात्र तरीही चुकतो, कारण पाचव्या दिवसाचं शिखर दोन दिवसांचं आहे. उलट स्वयंचलित यंत्राची वीज जोरदार पावसातच गेली असेल, तर हरवलेले दिवस नेमके जास्त पावसाचे, आणि 6सुद्धा कमीच.

यासाठी GHCN-Dailyमध्ये स्वतंत्र घटक आहेत: `MDPR` म्हणजे अनेक दिवसांचा एकत्र पाऊस आणि `DAPR` म्हणजे त्यात किती दिवस मोजले. आपल्या तक्त्यात इतकं नको असेल, तरी `mm`शेजारी कारणाचा एक रकाना पुरतो: मोजलं, यंत्र बंद, पुढच्या दिवशी एकत्र मोजलं. तो रकाना नसेल तर खंडानंतरच्या पहिल्या नोंदी वेगळ्या काढून त्यांची सरासरी इतर दिवसांशी ताडून बघावी. ती लक्षणीय जास्त असेल तर पाणी साठत होतं असा संशय घ्यायला जागा आहे.

जागतिक हवामान संघटनेने 2017मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हाच फरक धरलेला आहे. तापमानासारख्या राशीची मासिक सरासरी, महिन्यात 11 किंवा जास्त दिवस नसतील किंवा सलग 5 किंवा जास्त दिवस नसतील, तर काढायची नाही. पावसासारख्या मासिक बेरजेला ही सूट नाही. तिथे प्रत्येक दिवसाची नोंद हवी, किंवा हरवलेले दिवस पुन्हा वाचन सुरू झालं त्या दिवसाच्या एकत्रित नोंदीत आलेले हवेत. आपला दहा दिवसांचा तक्ता या कसोटीवर केवळ एका प्रश्नावर उभा किंवा आडवा होतो: त्या तीन दिवसांत भांडं बाहेर होतं का.